बेडरूममध्ये किंवा हॉलमध्ये योगासनांचा आणि व्यायामाचा कोपरा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे ते कल्याण या पट्ट्यातल्या एक-दोन खोल्यांच्या फ्लॅटचं फर्निचर आखण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. "सकाळी मॅट टाकायची तर आधी अर्धं घर हलवावं लागतं," ही तक्रार आता जवळजवळ प्रत्येक घरात ऐकू येते. पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची मी देते ती उत्तरं इथे एकत्र केली आहेत. मापं फूट-इंचात आहेत, कारण मिस्त्रीही तीच वापरतात.

मुळात जागा किती लागते?

नेहमीची योगा मॅट २ फूट रुंद आणि साधारण ५ फूट ८ इंच लांब असते. पण मॅट मावली म्हणजे आसन मावलं असं होत नाही. पाठीवर झोपून दोन्ही हात डोक्यामागे ताणले की साडेपाच फुटी माणसाची लांबी ७ फुटांच्या आसपास जाते. त्यामुळे लांबीला ७ फूट मोकळे हवेत. यातले शेवटचे काही इंच फरशीलगत मोकळे असले तरी पुरे, तिथे वर टांगलेलं काही असलं तरी अडत नाही.

रुंदीचं गणित थोडं वेगळं आहे. त्रिकोणासन, वीरभद्रासन यांत पाय आणि हात मॅटच्या लांबीच्या दिशेने पसरतात. सूर्यनमस्कारही लांबीतच होतात. म्हणून बहुतेक सराव साडेतीन फूट रुंदीत नीट होतो. अडतं ते झोपून पाय बाजूला उघडताना. कमरेपासून पाय जवळजवळ ३ फूट बाहेर जातो आणि थेट पलंगाला लागतो. पूर्ण ६ फूट रुंदी मिळाली तर उत्तमच, पण तेवढ्यासाठी कपाट काढून टाकू नका. निदान एका बाजूला, मॅटच्या मध्याशी थोडी मोकळीक मिळेल अशी मॅट ठेवता आली तर पुरतं. एक पाय झाला की डोक्याची बाजू बदलायची.

मापायचं कसं? खडूने फरशीवर ७ बाय साडेतीन फुटांचा चौकोन आखा आणि आठ दिवस तसाच राहू द्या. त्या चौकोनात दिवसभरात काय काय येऊन बसतं ते पाहा. खुर्ची, वाळत घालायचा स्टँड, लॅपटॉपची बॅग, जे रोज येतं त्याला आधी दुसरी जागा शोधावी लागेल. कपाटाचा विचार त्यानंतर.

बेडरूम बरी की हॉल?

पहाटे व्यायाम करणारा एकटाच असेल आणि जोडीदार सात वाजेपर्यंत झोपत असेल, तर हॉल. संध्याकाळी करायचा असेल तर बेडरूम, कारण त्या वेळी हॉलमध्ये टीव्ही, मुलांचा अभ्यास आणि येणारे-जाणारे असतात. घरात वेगळं देवघर नसेल आणि देव्हारा हॉलमध्ये असेल, तर आंघोळीआधी तिथे व्यायाम करायचा नाही, असं काही घरांत ज्येष्ठ मंडळी सांगतात. हे सगळं काम सुरू व्हायच्या आधी विचारून घ्यावं. कोपरा तयार झाल्यावर कळलं तर तो वापरात येत नाही.

आमची बेडरूम फक्त १० बाय ११ ची आहे. त्यात खरंच होईल?

होईल. नेमक्या याच मापाची डोंबिवलीतली एक खोली उदाहरणादाखल घेते.

खोली १० फूट रुंद, ११ फूट लांब. उत्तरेच्या १० फुटी भिंतीत पश्चिमेच्या कोपऱ्याला दरवाजा, आणि त्याच भिंतीच्या उरलेल्या ७ फुटांत २ फूट खोल कपाट. समोर दक्षिणेला खिडकी. पलंग ५ बाय साडेसहाचा, डोक्याची बाजू खिडकीखाली, भिंतीच्या बरोबर मध्यावर.

आता उरलेली जागा पाहा. पलंगाच्या डावीकडे अडीच फूट, उजवीकडे अडीच फूट आणि पायथ्याशी, कपाटाच्या आधी, पुन्हा अडीच फूट. खोलीत मोकळी फरशी भरपूर होती, पण अडीच-अडीच फुटांच्या तीन पट्ट्यांत विभागलेली. एकाही पट्टीत हात पसरता येत नव्हता. लहान खोल्यांमध्ये बहुतेक वेळा अडचण हीच असते.

आम्ही पलंग फिरवला. डोकं पूर्वेच्या भिंतीला, आणि खिडकीच्या बाजूला १ फूट फट ठेवली, म्हणजे चादर खोचता येते आणि खिडकी उघडता येते. पलंगाची लांबी साडेसहा फूट, त्यामुळे पायथ्याशी पश्चिमेच्या भिंतीलगत साडेतीन फूट रुंदीची अखंड पट्टी मिळाली, दरवाजापासून खिडकीपर्यंत ११ फूट लांब. कपाट आणि पलंग यांच्यामध्ये ३ फूट राहिले. कपाटाचं दार पावणेदोन फुटांचं, ते आरामात उघडतं. डोकं दक्षिणेऐवजी पूर्वेला आल्यामुळे घरातल्या आजींनीही हरकत घेतली नाही.

दरवाजा आत उघडतो, त्याचे ३ फूट सोडले तरी पट्टीत ८ फूट उरतात. खिडकीकडच्या टोकाला, पश्चिमेच्या भिंतीला चिकटून १५ इंच रुंदीचं सामानाचं युनिट केलं. उरले पावणेसात फूट. दरवाजा बंद असला की पुढचे ३ फूटही मिळतात, त्यामुळे हात डोक्यामागे ताणायला अडचण येत नाही. पाय बाजूला उघडायची आसनं करताना मॅट दरवाजाकडे सरकवायची, म्हणजे कंबर पलंग आणि कपाटाच्या बोळासमोर येते आणि पाय त्या बोळात उघडतो.

या सगळ्यात गेलं काय? एक प्लॅस्टिकची खुर्ची, जिच्यावर कपडे साठायचे. तिच्याऐवजी कपाटाच्या बाजूला चार खुंट्या लावल्या. हे केलं नसतं तर महिन्याभरात दुसरी खुर्ची तिथे आली असती, हे मी बऱ्याच घरांत पाहिलं आहे.

त्या युनिटची मापं सांगाल का?

सांगते, आणि ती तशी का आहेत तेही, म्हणजे तुमच्या सामानाप्रमाणे बदलता येतील.

सगळी मापं मॅटवरून ठरतात. ६ मिलिमीटर जाडीची मॅट घट्ट गुंडाळली तर साडेचार इंच व्यासाची होते, पण रोजच्या घाईत आपण तेवढी घट्ट गुंडाळत नाही. म्हणून ५ इंच धरायचे. गुंडाळीची लांबी म्हणजे मॅटची रुंदी, २४ इंच. ती उभी ठेवायची. त्यासाठी कप्प्याची उंची २६ इंच आणि आतली खोली ६ इंच पुरते.

डोंबिवलीचं युनिट बाहेरून १५ इंच रुंद, ७ इंच खोल आणि ६ फूट उंच आहे. १८ मिलिमीटरच्या दोन बाजूच्या फळ्या वजा जाता आत साडेतेरा इंच रुंदी मिळते. दाराची आणि मागच्या ६ मिलिमीटर प्लायची जाडी जाऊन ६ इंच खोली. खाली ३ इंचांची बैठक, म्हणजे फरशी पुसताना पाणी प्लायला लागत नाही. त्यावर ६-६ इंचांचे दोन कप्पे, प्रत्येकात डंबेलची एक जोडी. मग २६ इंचांचा मॅटचा कप्पा, त्यात दोन मॅट शेजारी-शेजारी उभ्या राहतात. त्यावर १३ इंचांचा कप्पा योगाच्या विटांसाठी. फोमची वीट ९ बाय ६ बाय ४ इंच असते. ती आडवी, ४ इंचांची बाजू खोलीत जाईल अशी ठेवली तर दोन विटा एकावर एक १२ इंचांत बसतात. सगळ्यात वर साडेतेरा इंच उरतात. तिथे घडी घातलेलं पातळ कांबळं, रबरी पट्टे आणि बाजूच्या फळीला दोन हूक लावून योगाचा पट्टा.

१८ मिलिमीटरचं प्लाय सगळं मिळून १७-१८ चौरस फूट लागतं. ८ बाय ४ च्या एका शीटमध्ये ३२ चौरस फूट असतं, तेव्हा एका शीटमध्ये काम होऊन तुकडे उरतात. घरात दुसरं काम चालू असेल तर उरलेल्या प्लायमधूनही हे युनिट निघतं. प्लाय किमान बीडब्ल्यूआर दर्जाचं घ्या, त्यावर आयएस ३०३ चा शिक्का असतो.

मिस्त्रीला दोन गोष्टी आवर्जून सांगा. पहिली म्हणजे दार ६ फूट उंच आहे, तेव्हा लॅमिनेट आतून-बाहेरून दोन्हीकडून लावा. एकाच बाजूने लावलं तर दार काही महिन्यांत धनुष्यासारखं वळतं आणि वरच्या कोपऱ्यात दोन-तीन सुतांची फट दिसायला लागते. आणि दुसरी, बाजूच्या फळीला वर आणि खाली इंचभर व्यासाची दोन-दोन भोकं पाडा. ती का हवीत ते पावसाळ्याच्या प्रश्नात सांगते.

एवढं उंच आणि फक्त ७ इंच खोल युनिट स्वतःच्या जिवावर उभं राहत नाही. मुलाने दाराला लोंबकळलं तर ते अंगावर येईल. वरच्या बाजूला दोन एल पट्ट्या लावून ते भिंतीला बांधलंच पाहिजे. डंबेल अगदी खाली ठेवायचं कारणही हेच: वजन तळाशी राहतं आणि हातातून सुटलं तरी पायावर फार उंचावरून पडत नाही.

हे सगळं बॉक्स-बेडमध्ये ठेवलं तर? तिथे जागा आहे.

जागा आहे, पण रोजच्या वस्तूंसाठी ती जागा नाही. हायड्रॉलिक बॉक्स-बेड उघडायला उशा-पांघरुणं बाजूला करावी लागतात, गादीसकट फळी उचलावी लागते आणि वर कोणी झोपलेलं असेल तर विषयच संपला. बॉक्समध्ये ठेवलेल्या मॅट मी दुसऱ्या भेटीत बहुतेक वेळा पलंगाच्या कडेला उभ्या केलेल्या पाहिल्या आहेत. म्हणजे घरच्यांनी स्वतःच ठरवलं की त्या हाताशी हव्यात.

बॉक्समध्ये फक्त मोठा लोड आणि जादाचं कांबळं ठेवा, तेही आठवड्यातून एकदाच लागत असेल तर. पलंगाला बाजूने ड्रॉवर असेल तर मात्र गोष्ट वेगळी. आतून २५ इंच रुंद आणि ६ इंच उंच ड्रॉवरमध्ये मॅट आडवी बसते आणि एका हाताने निघते.

हॉलमध्ये सोफा आणि टीव्ही आहे, तिथे वेगळं युनिट नको. काय करता येईल?

१० फूट रुंद हॉल घेऊ. सोफ्याचे ३ फूट आणि टीव्ही युनिटचे सव्वा फूट गेले की मध्ये पावणेसहा फूट उरतात. ही चांगली जागा आहे, फक्त सेंटर टेबल तिथे ठाण मांडून असतं. जड टीपॉयऐवजी सोफ्याखाली किंवा सोफ्याच्या हाताशी सरकणारं हलकं सी आकाराचं टेबल घेतलं की पट्टी मोकळी होते. मॅट टीव्हीला समांतर टाकायची. टीव्हीवर बघून आसनं करणाऱ्यांनी तरी मान वळवून स्क्रीनकडे बघत आसन धरू नये. आधी पाहावं, मग करावं.

सामान टीव्ही युनिटच्या खालच्या ड्रॉवरमध्ये जातं. युनिटची खोली १५-१६ इंचच असते, त्यामुळे मॅट आतल्या दिशेने बसत नाही, आडवी ठेवावी लागते. म्हणून एक ड्रॉवर ३० इंच रुंद करून घ्या. त्यात मॅट मागे आणि पुढे पट्टा, रबरी बँड, एक वीट बसते. डंबेल त्याच ड्रॉवरमध्ये ठेवायचे असतील तर टेलिस्कोपिक चॅनेल घेताना त्याची वजन पेलायची क्षमता विचारून घ्या, आणि गोल डंबेलऐवजी षटकोनी घ्या. गोल डंबेल ड्रॉवर ओढला की पुढे घरंगळतात आणि फ्रंट सैल करतात.

लोड, विटा, खुर्ची, पट्टा, यातलं खरोखर काय लागतं?

ज्यांनी आपलं शिक्षण अय्यंगार पद्धतीने घेतलं आहे त्यांना यातलं बरंच लागतं. बी. के. एस. अय्यंगार यांनी पुण्यात विटा, पट्टे, लोड, खुर्च्या, भिंतीचे दोर अशी साधनं वापरून शिकवण्याची पद्धत रुजवली, आणि १९७५ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या पुण्यातल्या संस्थेमुळे ती जगभर गेली. बाकीच्यांना सुरुवातीला मॅट, एक पट्टा आणि दोन विटा पुरतात.

लोडाबद्दल मला खास सांगायचं आहे, कारण जागा सगळ्यात जास्त तोच खातो. दोन फूट लांब आणि ९ इंच जाड वस्तू ७ इंची युनिटमध्ये जात नाही. पण आपल्याकडे दिवाणावर लोड-तक्के ठेवायची जुनी सवय आहे. कापसाने घट्ट भरलेला लोड दिवाणावर किंवा पलंगाच्या डोक्याशी राहू द्या, त्याला चांगली धुता येणारी खोळ शिवा, आणि सुप्त बद्धकोनासनाला तोच काढा. फोमचा किंवा रिक्रॉनचा मऊ तक्क्या मात्र चालत नाही. पाठीखाली घेतला की तो बसतो आणि छाती वर उचलली जात नाही. दोन्ही हातांनी दाबून पाहा: बोटं दोन इंच आत गेली तर तो बसायचा तक्क्या आहे, आसनाचा नाही.

लोखंडी घडीची खुर्ची घडी केल्यावर तीन-चार इंचांची होते. ती कपाट आणि भिंतीच्या फटीत उभी राहते, वेगळी सोय नको.

भिंतीत हूक, दोर किंवा पुल-अप बार लावता येईल का?

हे भिंत कशाची आहे त्यावर अवलंबून आहे, आणि वरून रंगवलेल्या सगळ्या भिंती सारख्याच दिसतात. ड्रिल करताना पडणारी भुकटी पाहा. आधी प्लास्टरची राखाडी भुकटी येते. त्यानंतर लाल आली तर विटांची भिंत. पांढरट आली आणि ड्रिल लोण्यातून गेल्यासारखं आत गेलं तर एएसी ब्लॉक, ज्याला बरेच मिस्त्री सिपोरेक्स म्हणतात. राखाडीच येत राहिली आणि ड्रिल पुढे सरकेना, तर काँक्रीट.

एएसी ब्लॉक हलका आणि ठिसूळ असतो. त्यात साधा प्लॅस्टिकचा गट्टू आणि स्क्रू घातला तर लावताना घट्ट वाटतो, पण थोडी हालचाल झाली की भोक मोठं होतं आणि गट्टूसकट बाहेर येतो. या भिंतीसाठी वेगळे नायलॉन अँकर मिळतात, ते मागा. भोक पाडताना ड्रिलचा हॅमर बंद ठेवायला सांगा, नाहीतर आतून ब्लॉक फुटतो. एवढं केलं की युनिट बांधणं, पट्ट्याचा हूक, छोटी फळी ही कामं एएसीवर बिनधास्त होतात.

अंगाचं वजन ज्यावर येणार अशी कोणतीही वस्तू मात्र एएसीच्या किंवा ४ इंची विटांच्या आतल्या भिंतीवर लावू नका. योगाचे दोर, पुल-अप बार, लटकायचे पट्टे, सगळं यात आलं. तिथे नुसतं वजन नसतं, झटका असतो. यासाठी काँक्रीटचा कॉलम किंवा बीम शोधावा लागतो आणि धातूचे एक्सपान्शन अँकर लावावे लागतात. तेही सोसायटीला विचारून, आणि काम माहीत असलेल्या माणसाकडून. दाराच्या चौकटीत फिरवून घट्ट करायचे बार मिळतात, पण नव्या इमारतींतल्या चौकटी पातळ असतात आणि त्यांना एवढा दाब सोसत नाही. मी ते कोणालाही सुचवत नाही.

पावसाळ्यात मॅटला कुबट वास येतो. युनिटमुळे वाढेल का?

युनिट बंद डब्यासारखं केलं तर नक्की वाढेल. घामाने ओलसर झालेली मॅट गुंडाळली की ओल आत अडकते, आणि जून ते सप्टेंबर हवेतच इतका दमटपणा असतो की ती आपोआप सुकत नाही. काळे ठिपके दिसायच्या आधी एक खूण मिळते. गुंडाळी उघडल्यावर मधला भाग हाताला गार लागतो. तसं झालं की समजावं, ओल अडकते आहे.

व्यायामानंतर मॅट पुसून अर्धा तास पंख्याखाली दाराच्या किंवा खुर्चीच्या पाठीवर टाकायची, मग गुंडाळायची. पुसायला पाण्यात दोन-चार थेंब सौम्य साबण पुरतो. वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका, पीव्हीसी आणि टीपीईच्या मॅट फाटतात. कडक उन्हातही वाळवू नका, विशेषतः रबराची. ऊन लागलेलं रबर कडक होतं, मग हाताला त्याची पूड लागते. रबरी बँडचंही तेच. खिडकीत टांगलेला बँड वर्षभरात ताणताना तुटू शकतो, आणि तो तोंडावर येतो. ओढण्याआधी बारीक भेगा आहेत का ते दर वेळी पाहा.

युनिटच्या बाजूला पाडायला सांगितलेली भोकं यासाठीच आहेत. खालून हवा आत जाते, वरून बाहेर पडते. आरसा नको असेल तर दाराला वेताची जाळी बसवणं त्याहून चांगलं. आणि भिंत बाहेरची असेल, त्यातही पावसाचा मारा झेलणारी असेल, तर युनिट तिला चिकटवू नका. मागे दोन इंच पट्ट्या ठोकून फट ठेवा, किंवा सरळ दुसरी भिंत निवडा. पोपडे आलेल्या भिंतीवर आधी गळतीचं काम, मग फर्निचर.

टाइल्सवर मॅट सरकते. जाड मॅट घेऊ का?

सरकण्याचं कारण बहुतेक वेळा धूळ असते. व्हिट्रिफाइड टाइलवर बारीक धूळ असली की कोणतीही मॅट घसरते. मॅट टाकण्याआधी तेवढा भाग ओल्या फडक्याने पुसून कोरडा करा, आणि मॅटची खालची बाजूही पुसा. तरीही सरकली तर मॅट बदला.

१० किंवा १५ मिलिमीटरच्या मऊ मॅट झोपून करायच्या व्यायामाला छान वाटतात, पण वृक्षासनात त्यांवर घोटा डगमगतो. शिवाय १० मिलिमीटरची मॅट गुंडाळली की ६ इंचांहून जाड होते आणि वर सांगितलेल्या कप्प्यात बसत नाही. ४ ते ६ मिलिमीटरची घ्या आणि गुडघ्याखाली सतरंजीची घडी घ्या.

पंखा आणि लॉफ्टचा काही त्रास?

लॉफ्टखाली कोपरा करू नका. लॉफ्टचा तळ साधारण ७ फुटांवर असतो आणि पावणेसहा फुटी माणसाचे वर ताणलेले हात त्याहून वर जातात. पंख्याचं पातं ८ फुटांवर असेल तर जमिनीवरची आसनं आणि हात वर करणं ठीक आहे, पण त्याच्या बरोबर खाली उड्या मारू नका आणि डंबेल डोक्यावर उचलू नका. फॉल्स सीलिंगमुळे पंखा आणखी खाली आला असेल तर पंखा बंद करून टाचा उंचावून हात वर ताणून पाहा. बोटं आणि पातं यांच्यात वीतभर तरी अंतर हवं, नाहीतर मॅट बाजूला घ्या.

आरसा लावावा का?

एकट्याने शिकणाऱ्याला आरशाचा उपयोग होतो. खांदे एका पातळीत आहेत का, पुढचा गुडघा आत पडतो का, हे त्यात दिसतं. वेगळी भिंत अडवायची गरज नाही, युनिटच्या दारावरच लावा. ५ मिलिमीटर जाड काचेचं वजन चौरस मीटरला साडेबारा किलो असतं, म्हणजे १ बाय ४ फुटांच्या आरशाचे साडेचार-पाच किलो झाले. त्या दाराला तीनऐवजी चार बिजागऱ्या लावा. आरशाच्या मागे फिल्म चिकटवून घ्या, फुटला तरी तुकडे धरून राहतात. खालची कड फरशीपासून दीड फुटावर ठेवा, म्हणजे डंबेल लागून फुटायची भीती कमी होते. झोपताना पलंग आरशात दिसलेला काहींना चालत नाही. तसं असेल तर आरसा दाराच्या आतल्या बाजूला लावा आणि व्यायामाच्या वेळी दार उघडं ठेवा. अशा वेळी मात्र आतले कप्पे आरशाच्या जाडीइतके मागे घ्यावे लागतात.

घडीची ट्रेडमिल बसेल का?

घडी करून उभी केली तरी ती खोलीत एका छोट्या कपाटाएवढी जागा घेते. आणि चालू असताना तिच्या मागे किमान २ मीटर, म्हणजे साडेसहा फूट मोकळं हवं. माणूस पडला तर पट्टा त्याला मागे फेकतो, आणि मागे पलंगाची कड असेल तर डोक्याला लागतं. १० बाय ११ च्या खोलीत हे अंतर मिळत नाही. पावसाळ्यात चालायचं असेल तर जिना आणि सोसायटीचं पार्किंग आहे.

घर भाड्याचं आहे. भोकं पाडता येत नाहीत.

मग उंच युनिट करू नका, कारण ते बांधता येणार नाही. कमरेएवढं, ३० इंच उंच आणि निदान १५ इंच खोल असं चाकांचं रॅक घ्या, दोन चाकांना ब्रेक असलेलं. डंबेल तळाला, मॅट उभी एका बाजूला, वर टोपलीत बाकीचं. व्यायाम झाला की ते ढकलून कपाटाशेजारी लावायचं. लोखंडी कपाट आणि भिंत यांच्यात सहा इंच फट असेल तर मॅट तिथेच उभी राहते. खाली एक जुना पायपुसण्याचा तुकडा टाका, म्हणजे फरशीची धूळ मॅटच्या कडेला लागत नाही. घर सोडताना रॅक टेम्पोत चढतं आणि पुढच्या घरी पहिल्याच दिवशी कामाला येतं.

घरात लहान मूल आहे. काय जपायचं?

डंबेलच्या कप्प्याला चुंबकी कुलूप लावा, ते बाहेरून दिसत नाही. रबरी बँड आणि योगाचा पट्टा वरच्या हुकाला, मुलाच्या हाताबाहेर ठेवा, कारण दोन्ही गळ्याभोवती गुंडाळले जाऊ शकतात. मॅट आणि फोमच्या विटा मात्र खुशाल खाली ठेवा. मूल त्यांचे किल्ले बांधेल. संध्याकाळी ते परत कप्प्यात ठेवायला शिकतं, कारण प्रत्येक वस्तूचा कप्पा तिच्याच मापाचा असल्याने काय कुठे जातं ते त्याला सांगावं लागत नाही.